कोरा प्लाझ्मा कोरा नसतो : प्रस्तावना

औषध न घेतलेल्या माणसाच्या रक्तातला प्लाझ्मा प्रयोगशाळेत ‘ब्लँक’ म्हणून ओळखला जातो. त्यातली प्रथिने काढून उरलेला द्रव एलसी-एमएसमध्ये सोडला की पडद्यावर एक सपाट रेषा उमटते. जैवनमुन्यांतले औषध मोजण्याच्या जवळजवळ प्रत्येक पद्धतीच्या अहवालात ही रेषा सुरुवातीलाच असते आणि तिच्याकडे बोट दाखवून आपण सांगतो, की पाहा, आमच्या औषधाच्या जागी दुसरे काहीही येत नाही. मेटफॉर्मिनची पद्धत असेल तर ती रेषा एवढेच सांगत असते, की m/z 130 वस्तुमानाचा आणि फुटून 71 देणारा आयन त्या क्षणी आला नाही. त्याच क्षणी स्तंभातून क्षार, युरिया, अमिनो आम्ले, फॉस्फोलिपिड असे शेकडो रेणू बाहेर पडलेले असतात. यंत्राला फक्त एका जोडीवर नजर ठेवायला सांगितलेले असते, म्हणून ते दिसत नाहीत. पण न दिसताही ते औषधाचे आयन कमी करू शकतात, आणि हे पुस्तक त्यांच्याबद्दल आहे.

नमुन्यात मोजायच्या पदार्थाखेरीज जे जे असते त्याला मॅट्रिक्स म्हणतात. मॅट्रिक्समुळे औषधाचा संकेत घटला तर ते आयन सप्रेशन. क्वचित तो वाढतो, तेव्हा त्याला एन्हान्समेंट म्हणतात. दोन्ही मिळून मॅट्रिक्स इफेक्ट. प्रयोगशाळेतल्या इतर दोषांपेक्षा हा दोष वेगळा अशासाठी, की तो आपली खूण मागे ठेवत नाही. स्तंभ खराब झाला तर शिखर पसरते, पंप बिघडला तर वेळ सरकते, दुसरा पदार्थ मिसळला तर शिखराला खांदा फुटतो. सप्रेशन झालेले शिखर मात्र सुबक असते, ठरल्या वेळी येते, फक्त असायला हवे त्यापेक्षा लहान असते. आणि किती असायला हवे होते ते आपल्याला ठाऊक नसते. तेच तर मोजायला आपण बसलेले असतो.

हे घडते कुठे, हे समजायला इलेक्ट्रोस्प्रेच्या टोकापाशी जावे लागते. स्तंभातून आलेला द्रव काही किलोव्होल्ट दाबाखालच्या बारीक नळीतून फवारला जातो आणि त्याचे विद्युतभारित थेंब होतात. बाष्पीभवनाने थेंब आकसतो, पृष्ठभागावरचा भार दाटतो, थेंब फुटतो, त्यातून आणखी लहान थेंब होतात आणि शेवटी आयन वायूत मोकळा होतो. तो नेमका कसा मोकळा होतो याबद्दल दोन मते पूर्वीपासून आहेत. माल्कम डोल यांच्या १९६८ च्या कामातून आलेले मत असे, की द्रावक उडून गेल्यावर शेवटी रेणूवर उरलेला भार तेवढा राहतो. इरिबार्ने आणि थॉमसन यांनी १९७६ मध्ये मांडलेले मत असे, की लहान थेंबाच्या पृष्ठभागावरून आयन थेट उडतो. औषधांसारख्या लहान रेणूंना दुसरे मत अधिक लागू पडते असे आज बहुतेक जण मानतात. जॉन फेन यांनी १९८० च्या दशकात या फवाऱ्याला मास स्पेक्ट्रोमेट्रीत स्थिर स्थान मिळवून दिले आणि त्याबद्दल २००२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता.

आपल्या विषयासाठी यातली कळीची गोष्ट म्हणजे थेंबाच्या पृष्ठभागावरची जागा आणि भार दोन्ही मर्यादित असतात. गर्दीच्या लोकलमध्ये दादरला उतरायचे तर दाराजवळ पोचलेलाच उतरतो. आत अडकलेल्याचे तिकीट खरे असले तरी तो पुढच्या स्थानकावर जातो. थेंबातही पृष्ठभागाशी सलगी असलेले रेणू दाराशी उभे असतात. लांब मेदशृंखला असलेली फॉस्फोलिपिडे ही त्यांतली पहिली. पॉल केबार्ले आणि लिआंग टँग यांनी १९९३ च्या सुमारास दाखवून दिले, की द्रावणातली संहती साधारण १०⁻⁵ मोलरच्या पलीकडे गेली की संकेत संहतीच्या प्रमाणात वाढेनासा होतो आणि सोबतचे इतर आयन त्यात वाटा मागू लागतात. औषधाची स्वतःची संहती या मर्यादेच्या कितीतरी खाली असते. मर्यादा ओलांडतात ते त्याच्याबरोबर बाहेर पडणारे इतर. प्लाझ्माच्या एका मिलिलिटरमध्ये सुमारे दोन मिलिग्रॅम फॉस्फोलिपिड असते आणि आपण ज्या औषधाच्या शोधात असतो ते अनेकदा त्याच मिलिलिटरमध्ये एक नॅनोग्रॅम असते. म्हणजे वीस लाखांस एक.

मग हे सुरुवातीलाच का लक्षात आले नाही? १९९० च्या दशकात ट्रिपल क्वाड्रुपोल यंत्रे औषधकंपन्यांच्या प्रयोगशाळांत आली, तेव्हा त्यांच्या निवडकपणाने सगळेच भारावले होते. यूव्ही डिटेक्टरसाठी वीस-वीस मिनिटे चालणारे विभाजन आता दोन मिनिटांवर आले. यंत्र जर एकच जोडी पाहत असेल तर स्तंभावर रेणू वेगळे करण्याची गरजच काय, असा विचार रूढ झाला. नमुना स्वच्छ करण्याचे कष्टही कमी झाले. अ‍ॅसिटोनायट्राइल घालून प्रथिने साखळवायची, सेंट्रिफ्यूज करायचे आणि वरचा द्रव यंत्रात सोडायचा. विभाजनाला दिलेला वेळ वाचला, पण त्याबरोबर औषध आणि मॅट्रिक्स एकाच क्षणी फवाऱ्यात पोचू लागले.

१९९६ मध्ये बुहरमन, प्राइस आणि रुडेविच यांनी मानवी प्लाझ्मातल्या एका औषधाच्या निमित्ताने आयन सप्रेशनचा पद्धतशीर अभ्यास छापला. १९९८ मध्ये मर्कच्या मातुशेव्स्की आणि सहकाऱ्यांचे फिनास्टराइडवरचे काम आले, आणि माझ्या मते या क्षेत्राचे डोळे त्या लेखाने उघडले. फिनास्टराइड पिकोग्रॅमच्या पातळीवर मोजायचे होते. एकाच माणसाच्या प्लाझ्मात पद्धत उत्तम चालत होती. वेगवेगळ्या पाच जणांचा प्लाझ्मा घेतला, तेव्हा कमी वेळाच्या विभाजनात आकडे विखुरले. औषध स्तंभावर जास्त वेळ थांबेल असे केल्यावर तो विखुरलेपणा गेला. यातून निघालेली गोष्ट आजही पुष्कळांच्या पचनी पडलेली नाही: एकाच प्लाझ्मात सहा वेळा सारखा आकडा आला, तर त्यावरून दुसऱ्या माणसाबद्दल काहीच कळत नाही. सप्रेशन सगळीकडे सारखेच असते तर संकेत थोडा कमी मिळाला एवढ्यावरच भागले असते. ते माणसागणिक बदलते, म्हणून आकडा चुकतो.

पण मॅट्रिक्स इफेक्ट आहे हे कळणे वेगळे आणि तो धावेच्या कोणत्या मिनिटाला आहे हे दिसणे वेगळे. ते दाखवणारी युक्ती बॉनफिग्लिओ, किंग, ओलाह आणि मर्कल यांनी १९९९ मध्ये मांडली. पोस्ट-कॉलम इन्फ्यूजन, म्हणजे स्तंभानंतर सतत औषध सोडत राहणे. त्यांनी कॅफीन आणि फेनासेटिनसारखे रेणू घेऊन नमुना तयार करण्याच्या वेगवेगळ्या रीतींची तुलना केली. अ‍ॅसिटोनायट्राइलने प्रथिने साखळवलेल्या नमुन्यांत संकेत सर्वांत जास्त दबला आणि द्रव-द्रव निष्कर्षणाने काढलेल्या नमुन्यांत सर्वांत कमी. पुढच्याच वर्षी किंग आणि सहकाऱ्यांनी कारणाचा शोध घेतला आणि निष्कर्ष काढला, की वायूतल्या अभिक्रियांपेक्षा थेंबातच साचणारे न उडणारे पदार्थ हे दबण्याचे मुख्य कारण आहे.

या पुस्तकाचा कणा हीच युक्ती असल्यामुळे ती इथे जवळून पाहू. सामान साधे आहे. स्तंभाच्या शेवटापासून यंत्राकडे जाणारी नळी मध्येच तोडून तिथे टी आकाराचा जोड बसवायचा. एका तोंडातून स्तंभाचा द्रव येतो, दुसऱ्यातून सिरिंज पंपाने ढकललेले औषधाचे द्रावण, आणि तिसऱ्यातून दोन्ही मिळून फवाऱ्यात जातात. स्तंभाचा प्रवाह मिनिटाला ३०० मायक्रोलिटर असेल तर सिरिंजचा १० मायक्रोलिटर पुरे. द्रावण मिलिलिटरला १०० नॅनोग्रॅमचे घेतले तर मिसळल्यावर फवाऱ्यात मिलिलिटरला साधारण ३ नॅनोग्रॅम एवढे औषध सतत पोचते. यंत्र औषधाची नेहमीची जोडी पाहत राहते आणि पडद्यावर एक उंच, जवळपास स्थिर पातळी दिसते. आता ऑटोसॅम्प्लरमधून आधी मोबाईल फेजचे इंजेक्शन द्यायचे आणि मग ब्लँक प्लाझ्माच्या अर्काचे. ज्या क्षणी मॅट्रिक्समधले दाबणारे रेणू स्तंभातून बाहेर पडतात त्या क्षणी ती पातळी खाली जाते आणि ते निघून गेले की पुन्हा वर येते. ब्लँकची सपाट रेषा जे लपवते ते इथे खड्ड्याच्या रूपात उघडे पडते.

सी-१८ स्तंभावर हा आलेख बहुधा ठरावीक वळणाचा असतो. ५० बाय २.१ मिलिमीटरच्या स्तंभावर वरच्या प्रवाहाने पहिला खोल खड्डा साधारण अर्ध्या मिनिटाच्या आत येतो. स्तंभाला न चिकटणारे क्षार आणि ध्रुवीय पदार्थ तेव्हा एकदम बाहेर पडतात. मग काही काळ रेषा शांत असते. सेंद्रिय द्रावकाचे प्रमाण वाढत गेल्यावर दुसरा, रुंद खड्डा येतो, तो लायसोफॉस्फोलिपिडांचा. त्यानंतर, किंवा धाव आधीच संपली तर पुढच्या एखाद्या इंजेक्शनमध्ये, फॉस्फॅटिडिलकोलिन बाहेर येतात. हे खड्डे खरोखर त्यांचेच आहेत का, ते तपासायचीही सोय आहे. कोलिन गटाच्या फॉस्फोलिपिडांपासून m/z 184 चा तुकडा निघतो. लिटल आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये सुचवल्याप्रमाणे स्रोतातच ही फोड घडवून 184 वर नजर ठेवली, तर ती सगळी फॉस्फोलिपिडे एका रेषेवर दिसतात. एकेक वेगळे पाहायचे असेल तर 496 पासून 184 ही जोडी नेहमीच्या लायसोफॉस्फॅटिडिलकोलिनची आहे. इन्फ्यूजनचा खड्डा आणि 184 चे शिखर एकाखाली एक मांडले की दाबणारा कोण, याबद्दल फारशी शंका उरत नाही.

आलेख काढणे सोपे आहे, वाचताना मात्र तीन-चार ठिकाणी पाय घसरतो. पहिली घसरण संहतीची. संकेत छान दिसावा म्हणून पुष्कळ जण सिरिंजमध्ये मायक्रोग्रॅमच्या पातळीचे द्रावण भरतात. मग डिटेक्टर किंवा फवारा भरून वाहू लागतो, त्यावर लहान खड्डा उमटतच नाही, आणि ‘सप्रेशन नाही’ असा शेरा पडतो. इन्फ्यूजनची पातळी कॅलिब्रेशनच्या पल्ल्यातल्या शिखरांच्या उंचीशी जुळणारी ठेवावी. दुसरी घसरण ग्रेडियंटची. सेंद्रिय द्रावक वाढला की फवारा सुधारतो आणि पातळी आपोआप चढते. ही चढण मॅट्रिक्सची नसते. म्हणून तुलना नेहमी मोबाईल फेजच्या इंजेक्शनच्या रेषेशी करायची, सरळ आडव्या रेषेशी नाही. तिसरी गोष्ट टी-जोडाची. त्यातली आणि पुढच्या नळीतली मोकळी जागा जास्त असेल तर खड्डे पसरतात आणि थोडे मागे सरकतात. औषधाचे शिखर जोड काढून घेतलेल्या जुन्या क्रोमॅटोग्राममधून उचलून खड्ड्यांवर ठेवले, तर त्या सरकण्यामुळे ते सुरक्षित जागी आहे असे भासते. जोड बसवलेला असतानाच औषधाचे साधे इंजेक्शन देऊन त्याची वेळ नोंदवणे हा त्यावरचा उपाय. आणि शेवटची, जिच्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते: एका इंजेक्शनवर थांबू नये. ब्लँकची चार-पाच इंजेक्शने सलग द्यावीत. आधीच्या इंजेक्शनची फॉस्फोलिपिडे उशिरा निघत असतील तर चौथ्या-पाचव्या धावेत नवीनच ठिकाणी खड्डा उघडतो. असा भटका खड्डा एखाद्या दीर्घ बॅचच्या मध्यावर आकडे का बिघडले, याचे उत्तर असतो.

मेटफॉर्मिनचे उदाहरण सबंध पाहू. मधुमेहावरचे हे औषध आपल्याकडच्या जैवसमतुल्यता अभ्यासांत वारंवार येते. रेणू लहान आणि अतिशय ध्रुवीय, म्हणून सी-१८ वर तो थांबतच नाही. साध्या आम्लयुक्त मोबाईल फेजमध्ये तो ०.४ मिनिटाच्या आसपास, म्हणजे नेमका पहिल्या खड्ड्याच्या तळाशी बाहेर पडतो. ब्लँकची रेषा सपाट, शिखर टोकदार, कॅलिब्रेशन सरळ, सगळे ठाकठीक. इन्फ्यूजन लावले की मात्र शिखराच्या जागी पातळी निम्म्याखाली गेलेली दिसते. आता उपायांकडे वळायचे. हिलिक स्तंभ, म्हणजे अ‍ॅसिटोनायट्राइल जास्त असलेल्या द्रावकात ध्रुवीय रेणूंना धरून ठेवणारा स्तंभ, घेतला तर मेटफॉर्मिन दीड-दोन मिनिटे थांबते आणि न थांबणाऱ्यांच्या खड्ड्यातून बाहेर येते. इथे बरेच जण समाधान मानून पुढे जातात. पण हिलिकवर फॉस्फोलिपिडे सी-१८ सारखी वागत नाहीत. त्यांचे ध्रुवीय डोके स्तंभाला धरते आणि ती मधल्याच कुठल्यातरी वेळी निघतात. तेव्हा नव्या स्तंभावर इन्फ्यूजन पुन्हा काढावे लागते, 184 ची रेषाही पुन्हा पाहावी लागते, आणि गरज पडली तर द्रावकातले पाणी किंवा बफर किंचित बदलून शिखर खड्ड्याच्या बाजूला सरकवावे लागते. आणखी एक सोपा मार्ग याच औषधाला उपलब्ध आहे. नेहमीच्या मात्रेनंतर प्लाझ्मातले मेटफॉर्मिन मिलिलिटरला मायक्रोग्रॅमच्या आसपास पोचते. म्हणजे साखळवलेला अर्क अ‍ॅसिटोनायट्राइलने दहा-वीस पट पातळ करायला जागा आहे. औषध तेवढ्यावरही मोजता येते आणि मॅट्रिक्स त्याच प्रमाणात घटून मर्यादेखाली जाते. पिकोग्रॅममध्ये मोजायच्या फिनास्टराइडला ही सवलत नाही. उपाय औषधागणिक ठरतो तो असा.

इन्फ्यूजन जागा दाखवते, पण आकडा देत नाही. खड्डा ४० टक्के खोल दिसला म्हणजे खऱ्या नमुन्यातले शिखर ४० टक्क्यांनीच घटेल असे नाही. आकड्यासाठी मातुशेव्स्की आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये घालून दिलेली रीत आहे. एक संच शुद्ध द्रावकातल्या औषधाचा. दुसरा, ब्लँक प्लाझ्माचा अर्क काढून झाल्यावर त्यात औषध घातलेला. तिसरा, प्लाझ्मातच औषध घालून मग अर्क काढलेला. हिशेब समजावा म्हणून काही आकडे धरू: पहिल्यात शिखराचे क्षेत्रफळ १,००,०००, दुसऱ्यात ६२,००० आणि तिसऱ्यात ५५,८००. दुसऱ्याला पहिल्याने भागले की मॅट्रिक्स इफेक्ट ६२ टक्के, म्हणजे ३८ टक्के संकेत दबला. तिसऱ्याला दुसऱ्याने भागले की निष्कर्षणाची खरी प्राप्ती ९० टक्के. फक्त पहिला आणि तिसरा संच केला असता तर ‘प्राप्ती ५५.८ टक्के’ एवढेच हाती आले असते, आणि विश्लेषक आठवडाभर व्होर्टेक्सचा वेळ आणि द्रावक बदलत बसला असता. निष्कर्षणात दोष नव्हताच. दोष फवाऱ्यात होता. ज्यांच्या प्रयोगशाळेत आजही फक्त दोनच संच केले जातात त्यांना माझी विनंती आहे, की मधला, दुसरा संचही सुरू करा.

या प्रश्नाकडे पाहण्याचे निरनिराळे पंथ आहेत. एक पंथ म्हणतो, नमुनाच स्वच्छ करा. द्रव-द्रव निष्कर्षण, सॉलिड फेज, आणि अलीकडे फॉस्फोलिपिड अडवणाऱ्या प्लेटा ही त्यांची हत्यारे. दुसरा म्हणतो, स्तंभावर वेगळे करा, दोन मिनिटांचा मोह सोडा. तिसरा म्हणतो, फवारा बदला. एपीसीआय स्रोतात आधी सगळे वाफ होते आणि मग आयन बनतात, त्यामुळे थेंबातली स्पर्धा टळते. सप्रेशन तिथेही आढळते, पण पुष्कळ कमी. अर्थात उष्णतेने मोडणाऱ्या किंवा फार ध्रुवीय रेणूंना तो स्रोत चालत नाही.

सर्वांत मोठा पंथ भरपाईवाल्यांचा. औषधाचाच समस्थानिक, म्हणजे काही हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम असलेला रेणू इंटर्नल स्टँडर्ड म्हणून प्रत्येक नमुन्यात घाला. तो औषधाबरोबरच बाहेर पडेल, दोघेही सारखेच दबतील आणि गुणोत्तर अबाधित राहील. बहुतेक वेळा हे खरे ठरते, आणि असा स्टँडर्ड मिळत असेल तर तो न वापरण्याचे कारण नाही. पण ‘बरोबरच’ या शब्दाची परीक्षा २००७ मध्ये कार्व्हेडिलॉलवर झाली. वांग, सायरोनॅक आणि यांग हे त्याचे दोन एनान्शिओमर मानवी प्लाझ्मात मोजत होते आणि स्टँडर्ड म्हणून पाच ड्यूटेरियम असलेला कार्व्हेडिलॉल वापरत होते. ड्यूटेरियम असलेला रेणू उलट-प्रावस्था स्तंभावरून किंचित आधी सुटतो. फरक शिखराच्या रुंदीपेक्षाही लहान, पण त्याच ठिकाणी काही प्लाझ्मांत सप्रेशनचा उतार तीव्र होता. एक शिखर उताराच्या वर आणि दुसरे थोडे खाली पडले, दोघे वेगवेगळे दबले आणि गुणोत्तर हलले. खड्ड्याच्या सपाट तळाशी दोघे असते तर हे झाले नसते. म्हणून ड्यूटेरियमच्या स्टँडर्डसह पद्धत करतानाही इन्फ्यूजनचा आलेख हवाच, आणि त्यात खड्डा आहे की नाही यापेक्षा त्याची कड कुठे आहे ते पाहायला हवे. कार्बन-१३ किंवा नायट्रोजन-१५ चे स्टँडर्ड वेळेत जवळपास सरकत नाहीत. किंमत जास्त असली तरी अशा ठिकाणी ते परवडतात.

इन्फ्यूजनला नुसते निदानापुरते न ठेवता उपचार म्हणून वापरणाराही एक प्रवाह आहे. एखादा परका पदार्थ प्रत्येक नमुन्याच्या वेळी सतत सोडत राहायचा आणि त्याच्या पातळीतल्या चढउतारावरून औषधाचा आकडा दुरुस्त करायचा. स्टान्के, रीम्ट्स्मा आणि आल्डर यांनी २००९ मध्ये अन्नातल्या कीटकनाशकांसाठी हे करून दाखवले. शेकडो पदार्थ एकदम मोजताना प्रत्येकाचा समस्थानिक आणणे शक्य नसते, तिथे ही वाट मोलाची आहे. एका औषधाच्या नियामक कामात तिची गरज क्वचित पडेल असे मला वाटते.

नियमांची वाटचाल थोडक्यात सांगतो. अमेरिकेच्या एफडीएच्या २००१ च्या मार्गदर्शिकेत मॅट्रिक्स इफेक्ट नसल्याची खात्री करा, एवढेच होते. युरोपच्या २०११ च्या मार्गदर्शिकेने सहा वेगवेगळ्या प्लाझ्मांत मॅट्रिक्स फॅक्टर काढायला सांगितला आणि इंटर्नल स्टँडर्डने दुरुस्त केलेल्या फॅक्टरचा विचलन-गुणांक १५ टक्क्यांच्या आत असावा अशी अट घातली. रक्तपेशी फुटलेला आणि चरबी जास्त असलेला प्लाझ्माही तपासायला सांगितला. २०२२ मध्ये आलेल्या आयसीएच एम-१० मध्ये किमान सहा स्रोतांच्या प्लाझ्मात खालच्या आणि वरच्या पातळीचे नमुने प्रत्येकी तीनदा करून प्रत्येक स्रोतात अचूकता १५ टक्क्यांच्या आत दाखवावी लागते. नवी मुंबई, अहमदाबाद, हैदराबाद, बंगळुरू इथल्या ज्या प्रयोगशाळांतून जेनेरिक औषधांचे अभ्यास परदेशी नियामकांकडे जातात, तिथल्या मराठी विश्लेषकांना ही कलमे पाठ असतात. पण सहा प्लाझ्मांची चाचणी उत्तीर्ण झाली म्हणजे काय सुटले आणि काय राहिले, हे कलमात लिहिलेले नसते. ते सहाही प्लाझ्मा बहुधा निरोगी माणसांचे असतात. खऱ्या नमुन्यात इतर औषधे असतात, मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णाच्या रक्तात साचलेले पदार्थ असतात. उंदरांना शिरेतून औषध देताना ते पीईजी-४०० किंवा पॉलिसॉर्बेट-८० मध्ये विरघळवलेले असेल तर तोच विद्रावक पहिल्या काही नमुन्यांत औषध दाबतो आणि पुढच्या नमुन्यांत नाही. मग औषधाचा रक्तातला आलेख सुरुवातीला खोटाच ठेंगणा दिसतो आणि त्यावरून काढलेले शरीरातले वितरण आणि निचरा दोन्ही चुकतात. ब्लँक प्लाझ्मात हा दोष सापडणे शक्यच नाही, कारण ब्लँक उंदराला विद्रावक दिलेलाच नसतो. इन्फ्यूजनच्या वेळी फक्त विद्रावक दिलेल्या प्राण्याचा प्लाझ्मा इंजेक्ट केला तर तो पहिल्याच धावेत दिसतो.

मराठीत या विषयावर काम करणारे पुष्कळ, पण लिहिलेले फारसे नाही. एम.एस्सी. किंवा एम.फार्म. करून यंत्रासमोर बसलेल्या तरुणाला तयार पद्धत हाती मिळते आणि ती चालवण्याचे प्रशिक्षणही मिळते. पद्धत अशी का आहे, ते समजावून सांगायला शेजारच्या वरिष्ठाला वेळ नसतो. हे पुस्तक त्या तरुणासाठी आहे. नियमावलीची जागा घेण्याचा त्याचा हेतू नाही आणि मास स्पेक्ट्रोमेट्रीचे पाठ्यपुस्तकही ते नाही. मांडणीचा क्रमही नेहमीपेक्षा उलटा आहे. पद्धती-विकासाच्या बहुतेक पुस्तकांत मॅट्रिक्स इफेक्ट शेवटी, प्रमाणीकरणाच्या प्रकरणात येतो. इथे तो पहिल्या दिवशी येतो. स्तंभ पक्का करण्याआधी, ग्रेडियंट पक्का करण्याआधी खड्ड्यांचा आलेख काढायचा आणि त्यातली शांत जागा शोधून औषध तिथे नेऊन बसवायचे, हा पुस्तकाचा आग्रह आहे. प्रमाणीकरणात पद्धत नापास झाल्यावर स्तंभ बदलायचा म्हणजे महिन्याचे काम पुन्हा. सुरुवातीला इन्फ्यूजन करायचे म्हणजे एक दुपार.

मर्यादाही सांगून ठेवतो. इथला भर प्लाझ्मावर आहे. मूत्रात माणसागणिक क्षारांचे प्रमाण इतके बदलते, की त्यासाठी वेगळी तयारी लागते आणि ती इथे ओझरतीच आली आहे. ऊती, केस, वाळलेल्या रक्ताचे ठिपके यांना स्वतंत्र पुस्तक लागेल. नॅनोस्प्रेमध्ये थेंब मुळातच लहान असल्याने सप्रेशन कमी होते, पण रोजच्या नियामक कामात तो फारसा वापरात नसल्याने त्यावर एखाद-दुसरे पानच आहे.

वाचायला बसण्याआधी आपल्याच यंत्रावर, आपल्याच चालू पद्धतीवर एकदा इन्फ्यूजन करून घ्या. सिरिंज पंप यंत्राबरोबर आलेला असतोच, टी-जोड कपाटात सापडेल. काम झाल्यावर स्रोत आणि नळी अर्धे पाणी आणि अर्धे मेथॅनॉल यांच्या मिश्रणाने नीट धुऊन घ्या, नाहीतर सोडलेले औषध दुसऱ्या दिवशीच्या ब्लँकमध्ये दिसेल. मोबाईल फेजची आणि ब्लँक प्लाझ्माची अशा दोन रेषा एकाच कागदावर छापा, त्यावर औषधाच्या आणि इंटर्नल स्टँडर्डच्या शिखरांची वेळ पेन्सिलीने आखा, आणि तो कागद शेजारी ठेवून पहिले प्रकरण उघडा.